सोळा लाखांचा अर्ज

धाकट्याची एकच काळजी आईच्या डोक्यातून जात नसे: हा मुलगा कधी कुणाकडे काही मागत नाही. माणूस म्हणून चांगलीच गोष्ट. पण आता त्याने कारखाना काढला होता, आणि न मागता कारखाना चालत नाही.

लहानपणी त्याचा हात मोडला तेव्हा तो एकटाच दवाखान्यात जाऊन प्लास्टर घालून आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "घाबरू नकोस, डावा आहे." पहिल्या नोकरीत मालकाने दोन महिन्यांचा पगार अडकवला. याने मागितला नाही. स्वतःच्या पकडी आणि पाने पिशवीत भरले आणि चालता झाला. मित्र म्हणायचे, हा बुडत असेल ना, तरी काठावरच्या लोकांना म्हणेल, चालू द्या तुमचं.

आता एका बंद पडलेल्या गोदामात त्याचा स्प्रिंगांचा कारखाना होता. दोन जुनी यंत्रं, तीन कामगार, कोपऱ्यात तारेची वेटोळी आणि स्प्रिंगा तापवण्याची भट्टी. कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीने मोठं काम देऊ केलं होतं, पण त्या नेमक्या मापाची स्प्रिंग जुन्या यंत्रांवर निघत नव्हती. शंभरातल्या वीस वाकड्या निघायच्या. नवं यंत्र बारा लाखांचं. तार आणि पगारासाठी आणखी चार. म्हणून त्याने बँकेत सोळा लाखांचा अर्ज टाकला. आई जामीनदार होती, म्हणून तिलाही बोलावणं आलं.

कर्ज पाहणाऱ्या मॅडम तरुण होत्या. समोरच्या दोन खुर्च्यांकडे त्यांनी पेनाने खूण केली आणि अर्जातली एक ओळ मोठ्याने वाचली, "'सदर रक्कम खेळते भांडवल म्हणून मिळावी व तीतून यंत्र खरेदी करण्याची परवानगी असावी.' अहो, हे कुणी लिहिलं?"

"मी," धाकटा म्हणाला.

"खेळतं भांडवल म्हणजे काय ते माहीत आहे? तार आणा, स्प्रिंगा करा, विका, पैसे आले की परत भरा, पुन्हा उचला. ते पैसे फिरतात. यंत्र घेतलं की पैसे तिथेच बसले. ते पाच वर्षांनी सुटणार. त्याला मुदत कर्ज म्हणतात, त्याचा अर्ज वेगळा. त्यातही किमतीचा पाव हिस्सा तुम्ही घालायचा."

"पैसा तो पैसाच. मी फेडणार आहे ना?"

"फेडायचं कसं तेही वाचते." त्यांनी पान उलटलं. "पहिला हप्ता कर्ज मिळाल्याच्या पुढच्याच महिन्यात. यंत्र कधी येणार?"

"दोन महिन्यांत."

"बसवायला?"

"पंधरा-वीस दिवस."

"आणि कुलूपवाले पैसे कधी देतात?"

आईनेच उत्तर दिलं, "माल पोचल्यावर तीन महिन्यांनी."

"तू बोलू नकोस," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मग सुरुवातीचे हप्ते कुठून भरणार?" मॅडमनी विचारलं.

"जुन्या यंत्रांच्या कामातून."

"ते पगारात आणि भाड्यात संपतात. तुम्हीच खाली लिहिलंय. अहो, निदान स्वतःचा कागद तरी नीट वाचायचा."

बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅडमनी आवाज जरा खाली आणला, पण गोडवा नव्हता. "सवलतीचा काळ मागा. सहा महिने फक्त व्याज भरायचं, मुद्दल नंतर. सगळे मागतात. हे असंच वर पाठवलं तर नामंजूर होऊन येईल. शुक्रवारपर्यंत सुधारून द्या."

"मला सवलत नको. कर्ज घेतलं की फेडायला लागायचं. माझ्याकडे तोच रिवाज आहे."

"मग बँकेत कशाला आलात? रिवाजावर यंत्र आणा."

तो उठला. फाइल तशीच टेबलावर ठेवून म्हणाला, "असू द्या तुमच्याकडे, वाचून हसायला." आणि गेला. आईने घाईने पिशवी उचलली. मॅडम तिच्याकडे पाहत होत्या, कंटाळलेल्या माणसाने रस्त्यावरचं भांडण पाहावं तसं.

कारखान्यात यंत्रविक्या वाट पाहत बसला होता, चकचकीत बूट घालून. तो म्हणाला, "झालं ना? मी सांगितलं होतं, बँकवाले नुसते दात काढतात. माझ्या ओळखीचे एक शेठ आहेत. सही केली की पैसे. हप्ता मात्र दर आठवड्याला, आणि तुमची ही दोन यंत्रं तारण."

"व्याज किती?" आईने विचारलं.

"मावशी, व्याज विचारत बसलात तर यंत्र दुसरा नेईल. सोमवारपर्यंतच ठेवतोय."

"मी सोमवारी सही करतो," धाकटा म्हणाला.

कामगार खाली मान घालून स्प्रिंगा निवडत होते. वाकड्या एका डब्यात, सरळ दुसऱ्या. वाकड्यांचा डबा लवकर भरत होता.

यंत्रविक्या गेल्यावर आई म्हणाली, "आठवड्याला हप्ता, आणि पैसे येणार तीन महिन्यांनी. पहिल्याच महिन्यात तो तुझी यंत्रं उचलून नेईल. मग नवीनही नाही आणि जुनंही नाही. ही तीन माणसं कुठे जातील?"

"बघू."

"बँकेत तेच सहा महिने मागायला काय जातं?"

"भीक मागणार नाही मी!" त्याने हातातला पाना बाकावर आपटला. "तिथे ती बाई सगळ्यांदेखत माझी शोभा करते, आणि तू तिला उत्तरं देतेस! कुणी विचारलं होतं तुला?"

"जामीनदार आहे मी. घर माझं पणाला लागणार आहे."

"मग ठेव तुझं घर तुझ्यापाशी. मला तुझी सहीही नको आणि तूही नको इथे."

कामगारांचे हात थांबले. आई पिशवी उचलून बाहेर पडली. घरच्या जिन्याच्या वळणावर तिला राग आला तो त्याचा नव्हे, स्वतःचाच. तो शाळेत असताना शेजाऱ्यांकडून वाटीभर साखर आणायलाही तिने त्याला कधी जाऊ दिलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. धाकट्याने अर्ज सुधारला नाही, घरी फोनही केला नाही. फाइल अजून मॅडमच्या टेबलावर होती, आज संध्याकाळी तशीच वर जाणार होती.

आईने खूप विचार केला. त्याच्या वतीने ती अर्ज करू शकत नव्हती, त्याची सही ती मारू शकत नव्हती. पण जामीनदार म्हणून एवढं विचारता येत होतं: फाइल सोमवारपर्यंत थांबवा, आणि त्याआधी तुम्ही स्वतः कारखाना पाहायला या. कर्ज देण्याआधी बँक पाहणी करतेच. तिथे त्याला काही मागावं लागणार नाही. नुसतं दाखवावं लागेल. वाकड्या स्प्रिंगांचा डबा कुणीही समजू शकेल. आणि तार हातात आली की तो बोलायला लागतो, मग थांबत नाही. सहा महिने का लागतील ते त्याच्या तोंडून आपसूक निघेल, आणि मॅडम कागदावर घेतील.

मॅडम हसतील, कदाचित फोन ठेवूनही देतील. आणि धाकट्याला कळलं की आईने पाठीमागून बँकेत फोन केला, तर तो हा उंबरा पुन्हा चढणार नाही. हे ती ओळखून होती. तिने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. एकीकडे मुलाचा अबोला, दुसरीकडे त्या शेठची माणसं गोदामातून यंत्रं ओढून नेताना. अबोला तिने याआधीही सोसला होता.

बँक उघडायची वेळ झाली होती. तिने चष्मा लावला, अर्जाच्या पावतीवरचा शाखेचा नंबर पुन्हा वाचला आणि फोन उचलला.