बोडीतला मातीचा खुंट

२००८ साली आमच्या गावच्या रोजगार हमीच्या कामांच्या सामाजिक अंकेक्षणात कमलाबाई मजुरांच्या वतीनं समितीत होत्या, अहवाल मी लिहीत होतो. ग्रामसभेत हजेरीपट वाचला, नावं खरी निघाली. मग टेप घेऊन त्या मजुरांनी खोदलेल्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर गेलो. खोली कळावी म्हणून खोदताना मध्ये सोडलेला मातीचा खुंट मोजला. त्याची उंची मोजमाप-वहीतल्या खोलीशी जुळली. उन्हानं डोकं उठलं होतं. मी पेन खिशात टाकला.

कमलाबाई मात्र खुंटापाशी बसल्या. वरची माती हातानं खरवडली. वीतभर भुसभुशीत माती पडली, खाली मूळ जमिनीतली जुन्या गवताची मुळं दिसली.

"मोजणीच्या साहेबानं वहीत कडक मुरूम मऊ माती लिवला. कितीबी खोदा, रोजी पडे नाई. म्हणून खोली जास्त दिसाले आमीच खुंटावर माती रचली," त्या थकून म्हणाल्या. "दोनी लबाड्या लिव, भाऊ. पयले माही."