डोळे पांढरेशुभ्र करणारे थेंब

लहानपणापासून चैत्र लागला की माझे डोळे खाजायला लागत. सावनेरला आमच्या घरामागे कापसाची जिनिंग होती, समोर शेतं, मधून जाणारा धुळीचा रस्ता. यातलं नेमकं काय माझ्या डोळ्यांना सोसत नव्हतं, ते कुणालाच सांगता आलं नाही. दुपारी मी ओला पंचा डोळ्यांवर घेऊन पडायची. पंच्याच्या आड हिरवे-तांबडे गोल तरंगत असत. चोळलं की ते फुटत आणि पुन्हा जमत. उठले की डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, कोपऱ्यात दोऱ्यासारखा चिकट स्राव.

मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. पाहुणे नेमके उन्हाळ्यात यायचे. एकदा एक बाई पोहे खाता खाता म्हणाल्या, "पोरगी रडून आली काय?" ते स्थळ पुढं सरकलं नाही. दुसऱ्या दिवशी आई मला एसटीनं नागपूरला घेऊन गेली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली आणि चिठ्ठीवर थेंब लिहून दिले. दिवसातून चार वेळा, पंधरा दिवस. त्याखाली लिहिलं होतं, 'नंतर दाखवणे.'

दोन दिवसांत जादू झाली. खाज गेली, लाली गेली. आरशात डोळे असे पांढरेशुभ्र दिसत होते, की ते मला माझे वाटेनात. आई मागं उभी राहून म्हणाली, "पाय बरं, कसे दिसून राह्यले डोये! आता हे सोडू नको वं."

मी नाही सोडले. डोळे बरे झाल्यावर डॉक्टरांना काय दाखवायचं, असं आम्हा दोघींना वाटलं. सावनेरचे औषधवाले काका त्याच चिठ्ठीवर बाटली देत. चिठ्ठी घड्या घालून घालून कापडासारखी मऊ झाली. पुढं ते चिठ्ठी मागेनासे झाले. मला पाहिलं की हात आपोआप कपाटाकडं जायचा. ते फार मायाळू होते. आजही त्यांच्याविषयी मला राग येत नाही.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी नागपूरला आले. हे हिंगण्याला कारखान्यात होते, सकाळी कंपनीच्या बसनं जात. मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली. थेंब चालूच होते, माहेरी गेले की काकांकडून बाटल्या घेऊन यायची. आधी उन्हाळ्यापुरते टाकायची, मग दिवाळीतही, मग रोज अंघोळीनंतर, कुंकू लावण्याआधी. डोळा जरासा चुरचुरला तरी बाटली काढायची. अशी पाच वर्षं गेली. त्यात मुलगीही झाली. या पाच वर्षांत माझ्या डोळ्यांत कुणी एकदाही डोकावून पाहिलं नाही, कारण ते सुंदर दिसत होते.

नंतरचे दिवस आठवले की मला अजून स्वप्नातल्यासारखं वाटतं. भर दुपारी शाळेच्या पटांगणात आले की सगळं दुधात विरघळायचं. कडुनिंबाचं झाड, हापशी, रांगेतली मुलं, सगळ्यांच्या कडा जायच्या आणि पांढरा उजेड तेवढा उरायचा. मुलं "बाई, बाई" म्हणत आणि त्या उजेडातून आवाज तेवढे माझ्यापर्यंत येत. संध्याकाळी उजेड उतरला की पुन्हा बरं दिसे. रस्त्यावरचे दिवे लागले की प्रत्येकाभोवती रंगीत कडं. मी ते कौतुकानं पाहत राही. एकदा यांना म्हटलं, "अहो, दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतं ना?"

हे थांबले. "कोणत्या दिव्याभोवती?"

"सगळ्याच."

"मले तर साधा दिवा दिसते." मग काळजीनं म्हणाले, "चष्मा लागला असन तुले. दाखवून ये."

चष्मा लागला असेल म्हणूनच मी मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या विभागात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. अक्षरांच्या तक्त्यापुढं त्यांनी चार-सहा काचा बदलून पाहिल्या. कशानंच नीट दिसेना. मग त्यांनी विचारलं, "डोळ्यांत काही टाकता का?"

मी पर्समधून बाटली काढून दिली, अगदी सहज. त्यांनी बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचलं आणि बाटली हळूच टेबलावर ठेवली.

"किती दिवस?"

"पाच वर्षं."

"आणि दाब कधी मोजला होता?"

"कसला दाब?"

त्यांनी मला टेबलावर निजायला सांगितलं. डोळ्यांत बधिर करणारं औषध टाकलं आणि म्हणाल्या, "हाताचा अंगठा वर धरा, त्याच्याकडंच पाहा." छताच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर माझा अंगठा अधांतरी उभा होता. त्यांनी एक छोटं धातूचं यंत्र थेट बुबुळावर टेकवलं. दुखलं नाही, काहीतरी गार सावली आल्यासारखं वाटलं. यंत्राला सुई होती. बाईंनी सुई पाहिली, यंत्रावर आणखी एक वजन चढवलं, पुन्हा पाहिली.

"डोळ्यातला दाब जितका जास्त, तितका डोळा कडक," त्या म्हणाल्या. "कडक डोळ्यावर ही सुई कमी हलते. तुमच्या डाव्या डोळ्यावर ती जवळजवळ हलतच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंतीवर ताणलेल्या काळ्या कापडापुढं बसवलं. एक डोळा झाकला. कापडाच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका होता, नजर त्यावरच ठेवायची. एक तरुण डॉक्टर काळ्या काठीच्या टोकाला लावलेला दुसरा ठिपका काठाकडून आत आणत. दिसला की "आला" म्हणायचं, नाहीसा झाला की "गेला". उजव्या डोळ्यानं सारं ठीक झालं. डाव्याच्या वेळी मी म्हणाले, "आला... गेला." मग बराच वेळ काही नाही. खोली शांत, पंखा फिरतोय, आणि मी कुठल्यातरी विहिरीच्या काठाशी बसून वाट पाहतेय असं वाटत होतं. मला वाटलं, ते काठी हलवायचं विसरले. नंतर कळलं, ठिपका सगळा वेळ माझ्यासमोर फिरत होता.

हे कारखान्यातून सुट्टी घेऊन आले. बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं.

"या थेंबांत स्टिरॉइड आहे. औषध चांगलं आहे, डोळ्यांची आग झटक्यात शमवतं. पण डोळ्याच्या आत पाणी सतत तयार होतं आणि वाहून जातं. काही माणसांत या थेंबांमुळं ते पाणी नीट वाहून जाईनासं होतं. दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. कडेची नजर आधी जाते, ती गेल्याचं कळतही नाही. दुसरं म्हणजे डोळ्यातलं भिंग मागच्या बाजूनं, अगदी मधोमध गढूळ होतं. तो मोतीबिंदू. म्हणून तुम्हाला उन्हात दिसत नाही. उन्हात बाहुली लहान होते आणि त्या गढूळ जागेतूनच पाहावं लागतं."

"मग ते इंद्रधनुष्य?" मी विचारलं.

"तो आजार होता," त्या हळूच म्हणाल्या.

हे माझ्याकडं वळले. "तू पाच वर्षं टाकून राह्यली, मले सांगतलं काहून नाही?" आवाज चढलेला नव्हता. मी लग्नात जे डोळे घेऊन आले, ते थेंबांचे होते, हे सांगायची मला लाज वाटत होती. तिथं, त्या बाकावर, मी ते सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

थेंब बंद झाले. दाब उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी बोटांना मुंग्या येत आणि सोडावॉटर विचित्र लागे. शिवाय दुसरे थेंब होते, त्यांनी कपाळ ठणके आणि खोलीत दिवा कमी केल्यासारखं अंधारून येई. दर आठवड्याला मी अंगठा वर धरून निजायची. दीडदोन महिन्यांत सुई हलू लागली. उजवा डोळा वाचला. डाव्याची गेलेली नजर मात्र गेली. बाईंनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं: नस मेली की परत येत नाही, उरली ती सांभाळायची.

मोतीबिंदू थेंब बंद केले म्हणून निवळला नाही. काही वर्षांनी, वर्गातला फळाही दिसेनासा झाला तेव्हा, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, एकामागून एक. जाड भिंगाचा चष्मा आला. पहिल्या दिवशी घर मला ओळखू येईना. सगळं मोठं आणि जवळ आलेलं. यांचा चेहरा चंद्राएवढा. कपात चहा ओतला तो सगळा बशीत. मुलगी टाळ्या पिटून हसली आणि मीही हसले, कारण तिच्या गालावरचा तीळ मला किती वर्षांनी दिसला होता.

ती नऊ वर्षांची असताना चैत्रात डोळे चोळू लागली. ओली पट्टी केली, दुसरी औषधं केली, पण त्या वर्षी तिचं दुखणं वाढतच गेलं. उजेडात डोळा उघडेना. डॉक्टरीणबाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी तपासलं आणि तेच थेंब लिहिले.

मी चिठ्ठी परत सरकवली. "हे नको, बाई. काही झालं तरी हे नको."

"हिच्या बुबुळावर जखम होऊ घातलीय," त्या म्हणाल्या. "ती झाली तर डाग कायमचा राहील. या औषधाशी तुमचं वैर नको. तुमचं नुकसान थेंबांनी केलं, तितकंच न पाहिल्यानं केलं. मी थोडे दिवसच देणार आहे. पंधरा दिवसांनी दाब मोजायचा, मग पुन्हा मोजायचा. हिचे डोळे चांगले दिसत असले तरी यायचं. दिसत असले तर नक्की यायचं."

मी बाटली आमच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. पंधरा दिवसांनी मुलीचे डोळे लखलखीत होते. ती म्हणाली, "आई, मले काही होत नाही, काहून जायचं?" तरी गेलो. दाब ठीक होता. उन्हाळा संपेपर्यंत थेंब बंदही झाले. पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागले, आणि चौथ्या आठवड्याला बाईंनी तिचा दाब दोनदा मोजला.

"चढलाय," त्या म्हणाल्या. "आईकडूनच आलंय. थेंबांनी दाब चढणं घराण्यात असतं."

मला बसायला जागा सापडेना. त्यांनी मागची नस पाहिली, मुलीला काळ्या कापडापुढं बसवलं. ती खणखणीत आवाजात "आला, गेला, आला" म्हणत होती. कुठंही खंड नव्हता. थेंब त्याच दिवशी बंद केले आणि दुसरं साधं औषध दिलं. तीन आठवड्यांनी दाब जागेवर आला होता. नसेला काही झालं नव्हतं.

बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. मुलीचे डोळे थोडे लाल होते, एक पापणी सुजलेली. बसथांब्यावर एक ओळखीची बाई वाकून म्हणाली, "काय वं, रडली काय?"

"नाही," मुलगी म्हणाली, "माये डोये असेच हायत." आणि समोरून येणाऱ्या बसचा नंबर तिनं लांबूनच वाचून मला सांगितला.