रस्त्यापलीकडचे ठिपके

कुणी माझ्या खुर्चीमागे येऊन उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, माझ्या मैत्रिणीला तर चांगलंच. तरी त्या दिवशी सकाळी ती येऊन उभी राहिली आणि स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाली, "आमची वस्ती कुठे गेली?"

आमचं ऑफिस घाटकोपरला, एका जुन्या इमारतीत. वस्त्यांमध्ये फिरून कुणाकडे पाणी येतं, कुणाला संडास आहे, याची घरोघर माहिती काढणं हे आमचं काम. माहिती आणायच्या मुली वेगळ्या, आणि ती त्यांची प्रमुख. मी आत बसून त्या माहितीचे नकाशे करते. ती भांडुपची, टेकडीवरच्या वस्तीत वाढलेली. आमचं बरं चालायचं, कारण दोघी सारख्याच फटकळ.

मुली प्रत्येक घरापाशी जाऊन फोनवर फॉर्म भरायच्या, आणि फोन त्या जागेचा बिंदू नोंदवायचा. म्हणजे माझ्याकडे यायचे हजारो ठिपके. कुठला ठिपका कुठल्या प्रभागात, हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. ते काम क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर करतं. एका थरात ठिपके, दुसऱ्या थरात प्रभागांच्या हद्दी. जागेवरून जोडणी करायची आज्ञा दिली की प्रत्येक ठिपका कुठल्या हद्दीच्या आत पडतो ते बघून त्या प्रभागाचा क्रमांक त्याच्या ओळीत येऊन बसतो. मग मोजायचं, कुठल्या प्रभागात संडास नसलेली घरं किती. त्या दिवशी चार वाजता भांडुपच्या वॉर्ड ऑफिसात बैठक होती. नवीन सार्वजनिक संडास कुठल्या प्रभागांना द्यायचे, ती यादी तिथे पक्की होणार होती. आमच्या मोठ्या ताईंनी, म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाईंनी, त्या मोजणीचा तक्ता आदल्या संध्याकाळीच तिथल्या इंजिनिअर साहेबांना पाठवूनही टाकला होता.

आणि त्या तक्त्यात तिच्या प्रभागात संडास नसलेली घरं जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रस्त्यापलीकडच्या प्रभागात मात्र ढीगभर.

"पलीकडे टॉवर आहेत गं," ती म्हणाली. "त्यांच्या एकेका फ्लॅटात दोन-दोन संडास."

तिच्या वस्तीतला संडास धोकादायक ठरवून बंद केला होता. आता सगळी वस्ती टेकडीच्या पायऱ्या उतरून खाली नाल्याकाठच्या संडासाला जायची. तिच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवरून एकदा घसरून मनगट मोडून घेतलं होतं. तेव्हापासून ती बाई दुपारनंतर पाणी प्यायची नाही, खाली जावं लागू नये म्हणून. हे मला तिने एकदाच सांगितलं होतं, डबा खाताना, आणि लगेच लोणच्याबद्दल बोलायला लागली होती.

मी म्हटलं, थांब, बघते.

आधी वाटलं, दोन थरांच्या अक्षांश-रेखांश मोजायच्या पद्धतीत घोळ असेल. पण मग एकाच वस्तीचे नाही, सगळेच ठिपके भरकटले असते. ते ठीक होतं. मग बघितलं, जोडणी न झालेल्या ओळी टाकून द्या, असा एक पर्याय असतो, त्यावर चुकून टिक राहिली का. नव्हती. एकही ओळ गळालेली नव्हती, एकही रिकामी नव्हती. हद्दी जुन्या असतील म्हणून त्याही परत तपासल्या, त्या आत्ताच्याच. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं होतं. ती मागे उभीच होती, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. मी तिला बस म्हणाले. ती बसली नाही.

शेवटी मी खाली उपग्रहाचं चित्र टाकलं आणि तिच्या वस्तीवर गेले. टेकडीवर पत्र्यांची दाटी, मधोमध बुद्धविहाराचं पांढरं छत, आणि त्या सगळ्या पत्र्यांवर एकही ठिपका नाही. ठिपके होते खाली, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर, दाण्यांवर मुंग्या जमाव्या तसे एकावर एक.

"हे काय?" मी म्हटलं. "तुम्ही वस्तीत गेलातच नाहीत का?"

माझा आवाज चढला होता. तिचा त्याहून चढला. गेलो होतो, प्रत्येक दारात गेलो होतो, म्हणाली. मग तिचं बोट स्क्रीनवरच्या फुटपाथवर येऊन थांबलं. तिच्या लक्षात आलं ते माझ्याही लक्षात आलं.

आमचा ऑफिसचा नियम होता, फोनवर अचूकता पाच मीटरच्या आत आल्याशिवाय बिंदू घ्यायचा नाही. नियम ट्रेनिंगमध्ये इतका घोटून घेतलेला की मुलींना झोपेतही पाठ. पण तिच्या वस्तीतल्या गल्ल्या अशा, की दोन्ही हात पसरले तर भिंती लागतात, आणि वर पत्रे एकमेकांवर चढलेले. आभाळच दिसत नाही, तर फोनला उपग्रह कुठून दिसणार? आकडा वीसच्या खाली येईना. म्हणून मुली दारात माहिती विचारायच्या, आणि बिंदू घ्यायला गल्लीबाहेर मोकळ्या आभाळाखाली यायच्या. वस्तीच्या बाजूला वडाचं झाड आणि दुकानांचे पत्रे. पलीकडच्या फुटपाथवर टॉवरची नुसती कंपाउंडची भिंत, वर मोकळं आभाळ. तिथे आकडा झटकन तीनवर. नियम पाळला गेला. आणि प्रभागाची हद्द जाते नेमकी त्या रस्त्याच्या मधून.

घरं अलीकडे, ठिपके पलीकडे. बिंदू घराचा नव्हताच, उभ्या राहिलेल्या मुलीचा होता.

ताईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, तक्त्यात हाताने प्रभागाचा क्रमांक बदल आणि नवीन पाठव, आपल्याला ठाऊक आहे ना खरं काय ते. तिनेही लगेच मान हलवली. मलाही मोह झाला, का नाही होणार? फॉर्ममध्ये वस्तीचं नाव होतंच, ते निवडायचं, क्रमांक बदलायचा, पाच मिनिटांचं काम. पण मी नाही म्हटलं. क्रमांक बदलला तरी ठिपका पलीकडेच राहणार होता. उद्या पलीकडच्या प्रभागातल्या कुणी नकाशा उघडून विचारलं, की ठिपका आमच्या हद्दीत आणि क्रमांक त्यांचा कसा, तर सगळंच सर्वेक्षण खोटं ठरलं असतं, तिच्या वस्तीसकट. मी म्हटलं, बिंदू परत घेऊ.

"चारला बैठक आहे," ती म्हणाली. "तुझं काय जातंय? तुझ्या आईला नाही ती टेकडी उतरावी लागत."

ते लागलं. माझी आई कुडाळच्या घरात स्वतःच्या संडासात जाते, हे खरंच होतं. मी लॅपटॉप आणि टॅब पिशवीत टाकले आणि चप्पल घातली. ती दोन क्षण थांबली आणि मग जिने उतरताना माझ्या पुढे गेली.

रिक्षात ती फोनवर मुलींना बोलावत राहिली. वस्तीत पोहोचल्यावर मी एवढंच सांगितलं, अचूकतेचं विसरा, घर सोडू नका. माळ्यावर चढा, पायरीवर चढा, कुणाच्या पत्र्यावर हात लांब करा, पण बिंदू त्याच घराचा हवा. रस्त्यालगत दुकानं आहेत, घरं त्यांच्यामागे बरीच आत, वीस-पंचवीस मीटर इकडे-तिकडे झाले तरी प्रभाग बदलत नाही. पहिल्या वेळी दारांवर लिहिलेले खडूचे क्रमांक बहुतेक ठिकाणी शाबूत होते. मुलींनी गल्ल्या वाटून घेतल्या. बायका विचारत होत्या, परत कशाला, काय राहिलं? कुणाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. ती शिड्या चढत होती, उतरत होती, घामाने निथळत होती, आणि मी विहाराच्या ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन आलेले बिंदू घरक्रमांकांना लावत होते. शेवटची गल्ली आली तेव्हा मी जोडणी परत चालवली. ठिपके पत्र्यांवर बसले. सगळी वस्ती आपल्या प्रभागात आली.

बैठकीला पोहोचलो तेव्हा सुरुवात झालेली होती. साहेबांनी कालचा तक्ता आणि आजचा तक्ता शेजारी ठेवला आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. काल एक, आज एक, असं कसं चालेल, म्हणाले. बैठकीतले दोघेतिघे हसले. मी दोन्ही नकाशे उघडून दाखवले, सांगताना जीभ अडखळली. साहेब म्हणाले, एका दिवसात घरं रस्ता ओलांडतात का?

ती पुढे झाली. "घरं नाही हलली, साहेब. आम्ही चुकीच्या जागी उभ्या होतो. तुम्ही येऊन बघा. इथून रिक्षाने पाच मिनिटं आहे."

मला वाटलं, संपलं आता. पण साहेब उठले. बैठक थांबवून नाही, चहाची वेळ झाली होती म्हणून. निदान उठले.

माझ्या टॅबवर हद्दीच्या रेषा होत्या आणि आपण कुठे आहोत तो निळा ठिपका. साहेबांनी तो हातात घेतला. गल्लीच्या तोंडाशी निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ भलंमोठं होतं. ते कपाळाला आठ्या घालून दोन पावलं मागे सरले, मग आणखी मागे, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. वर्तुळ लहान झालं. ते समाधानाने थांबले. मग खाली बघितलं, रेषेच्या पलीकडे आलेला स्वतःचा ठिपका बघितला, आणि समोर वस्तीकडे. रस्ता ओलांडून परत आले आणि गल्लीत शिरले.

तिची आई पायरीवर काठी घेऊन उभी होती. साहेबांनी विचारलं, आजी, आता कुठे जाता तुम्ही? तिने काठीने दाखवलं, खाली. आणि चालू लागली. साहेब मागे, आम्ही त्यांच्या मागे. पायऱ्या उंच, काही तुटलेल्या. ती प्रत्येक पायरीवर भिंतीला हात लावून आधी एक पाय टेकवायची, मग दुसरा. माझी मैत्रीण माझ्या दंडाला इतकं घट्ट धरून होती की दुखत होतं, तरी मी हात सोडवला नाही.

अर्ध्यावर साहेब थांबले. टॅब माझ्याकडे देऊन म्हणाले, वस्ती याच प्रभागात धरतो, आजच्या यादीत घालतो. मग खाली वाकून मोठ्याने म्हणाले, "आजी, बास. मी बघितलं. या वर आता."

तिची आई वळलीसुद्धा नाही. पुढच्या पायरीवर काठी टेकवत म्हणाली, "तुमचं बघून झालं असेल, साहेब. मला जायचंय."