कस्तुराबाईंचा गुलामांचा तास

कस्तुराबाईला मी पहिल्यांदा पाहिलं अन् हातात घागर देऊन म्हटलं, "माठ भरून ठेव गं." आता आठवलं की हसू येतं. खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं भरलेले. मला वाटलं शाळेत नवी शिपाईण आली. तिनं मुकाट माठ भरला, घागर पालथी घातली अन् सरळ नववीच्या वर्गात जाऊन इतिहास शिकवायला लागली. मी शिवणाची बाई. दिवसभर तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाय.

पोलीस ॲक्शनला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. आमची मुलींची शाळा गुलमंडीच्या बाजारामागं एका बोळात. कस्तुरा फर्दापूरकडची, मेंढपाळाची लेक, अख्ख्या घरात शिकलेली पहिलीच. दोन वर्षं तात्पुरती होती. कायम व्हायचं तर संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब, त्यांची सही लागायची. जमीनदार माणूस. ते तास बघायला आले, तो दिवस नेमका ग्रीस-रोमच्या गुलामांचा. मी म्हटलं, "अगं, आज अशोक शिकव." ऐकेल तर कस्तुरा कसली!

तिनं मुलींना गटागटानं बसवलं अन् एकेका गटाला सांगितलं. तुम्ही हरलेल्या गावच्या. सैन्यामागं व्यापारीच फिरायचे, मैदानातच माणसं विकत घ्यायचे. तुम्ही समुद्रावर चाच्यांना सापडल्या. तुम्हाला जन्मतःच आईबापांनी उकिरड्यावर टाकलं, ज्यानं उचललं त्यानं वाढवून गुलाम केलं. अथेन्समध्ये आधी कर्जापायीही माणूस विकला जायचा, पुढं ते कायद्यानं बंद झालं. अन् खिडकीपाशी सगळ्यात जास्त पोरी बसवून म्हणाली, "तुम्ही काहीच केलं नाय. तुमची आई गुलाम होती, बस."

मग बाजार. परमुलखातून आणलेल्याच्या पायाला खडूची पांढरी माती, गळ्यात पाटी. पळपुटा आहे का, आजारी आहे का, ते रोममध्ये विकणाऱ्यानं सांगायलाच पाहिजे, जसं जनावराचं सांगतात. कुणी घरात गेली, केस विंचरायला, लेकरं सांभाळायला. चांगलं खायला मिळे, एखादीला मालक मोकळीही करी. पण तिचं लग्न कायद्यात लग्नच नाय, अन् पोटचं लेकरू मालकाचं. कुणी चांदीच्या खाणीत. मालक तिथं माणसं रोजानं भाड्यानं द्यायचा, अन् घेणाऱ्यानं जितकी नेली तितकी भरून द्यायची. एखादा मेला तर दुसरा आणून आकडा पुरा करायचा. बोगदा कमरेइतकाही उंच नाय. तेलाचा दिवा घेऊन पोटावर सरपटायचं. मोठ्या शेतांवर काहींना पायात बेड्या घालून राबवायचे, रात्री कोंडवाड्यात. वर देखरेख करणारा मुकादम, तोही गुलामच. अन् म्हातारा गुलाम थकल्या बैलाबरोबर विकून टाकावा, असं तिथल्याच एका शेतकऱ्यानं लिहून ठेवलंय.

नानासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडं सात सालगडी. त्यांना वाटलं, ही बया आपल्यालाच सुनावतेय.

तासानंतर त्यांनी कस्तुराला ऑफिसात बोलावलं. मी खोटं काम काढून कपाटापाशी उभी. ते म्हणाले, लिहून द्या की घरातले गुलाम सुखात होते, आमच्या वाड्यातले गडी आमच्याच चुलीवरचं खातात. कस्तुरानं सांगितलं, तुमचा गडी पाडव्याला साल संपलं की दुसऱ्याकडं जाऊ शकतो, म्हणून तो गुलाम नाय, अन् मी त्याचं नावही घेतलं नाय. पण तिथली घरातली बाई उद्या खाणीत विकली जाऊ शकायची, म्हणून तिला सुखी म्हणता येत नाय.

मग हळू आवाजात म्हणाली, "दुष्काळात बाप मला परक्याच्या घरी ठेवून मेंढरं घेऊन लांब जायचा, नानासाहेब. चार महिने मी दुसऱ्याची भांडी घासायची. पण बाप येणार हे मला ठाऊक होतं. त्यांचं कुणी येणार नव्हतं."

नानासाहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. मग म्हणाले, एक गोष्ट मात्र खोटी आहे, म्हातारा गुलाम बैलाबरोबर विकून टाका असं कुठला शेतकरी लिहील? कस्तुरानं वही पुढं केली. रोमच्याच एका शेतकऱ्यानं शेतीवर लिहिलेल्या पुस्तकातलं उतरवून घेतलं होतं. काय काय विकावं: थकलेले बैल, खोड असलेली जनावरं, जुनी गाडी, जुनी अवजारं, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम.

त्यांनी दोनदा वाचलं. पोळ्याला बैलाच्या पाया पडणारा माणूस तो. तिला कायम करायच्या कागदावर सही केली. पण हार मानायची कशी? म्हणाले, "मुलींना सांगताना माणूस आधी लिहा. मग बैल."

"नाय जमणार," कस्तुरा म्हणाली. "त्यानं गाडी अन् अवजारंसुद्धा आधी लिहिलीत."

"व्हय, पण बरं दिसत नाय."

"तेच तर मुलींना दिसलं पाहिजे."

नानासाहेबांनी वही परत केली, टोपी घातली अन् म्हणाले, "बरं बाई. राहू द्या बैल आधी."