मधल्या चार रेषा

माझी जीभ तिखट आहे हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक. तिखट जिभेनं मी कुणाची वाट लावली, ते मात्र मी कधी सांगितलं नाही.

घाटकोपरच्या एका टेकडीवर चाळी चढत चढत पार वरपर्यंत गेल्यात. तिथं सगळ्यात वरच्या घरांमागे दरड अडवायची भिंत बांधायची होती आणि आमच्या ऑफिसकडे मोजणीचं काम आलं. मी तेव्हा नवी इंजिनीअर. यंत्रावर मी, आणि वर काठी घेऊन उभे राहायला आमचे खलाशीकाका. मोजणीत काठी धरणाऱ्याला खलाशीच म्हणतात. साठीला टेकलेला माणूस, पण चढायचा झपाझप.

त्या वरच्या रांगेत टोकाच्या घरात एक मावशी राहायच्या, मालवणकडच्या, एकट्या. आम्हाला रोज चहा त्यांचा. एकदा कप हातात देताना म्हणाल्या, "डोंगर खाली येतलो नाय मा गो? भाऊ दिव्याला त्याच्या घरी बोलवतोय. जाऊ काय?"

"नकाशा होऊ दे मावशी, मग सांगते," मी म्हटलं. ऐटीतच.

समान उंचीची ठिकाणं जोडत रेषा काढायच्या, दर मीटरला एक. रेषा लांब लांब असल्या की उतार सौम्य. दाटीवाटीनं आल्या की चढ उभा. मावशींच्या घरामागे त्या इतक्या दाटल्या की प्रिंटवर नुसता काळा डाग आला. ऑफिसातले आमचे सर म्हणाले, "मधल्या काढून टाक, दर पाचवी ठेव." तसा रिवाजच आहे. मी माझ्या हातानं तेवढ्या पट्ट्यात मधल्या चार-चार रेषा पुसल्या. नकाशा झकास दिसायला लागला.

तीन आठवड्यांनी भिंत कुठून कुठपर्यंत घ्यायची ते ठरवायचं होतं. मी तोच नकाशा पुढ्यात घेतला. मावशींच्या मागे रेषा चार-चार मिलिमीटरवर, म्हणजे जमिनीवर चार मीटर. खालच्या मैदानाजवळही तेवढ्याच अंतरावर. मी म्हटलं, चार मीटरला एक मीटर चढ, इथं भिंत कशाला? मावशींच्या मागच्या रेषांवर पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न असे उंचीचे आकडे होते. आकडे वाचायला कितीसा वेळ लागतो? चार मीटरला पाच मीटर चढ होता तो. रेषा मीच पुसल्या होत्या आणि मीच विसरले.

खलाशीकाका मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, तिथं मला हातानं दगड धरून चढायला लागलं. काठी सरळ उभी राहीना. परत एकदा बघा ना."

"काका, आता नकाशा तुमच्या गुडघ्यांना विचारून काढू का?"

अख्खं ऑफिस हसलं. काकाही हसले, आणि टपरीवर निघून गेले. सरांनी माझ्या भरवशावर सही केली. भिंत मावशींच्या घराच्या अलीकडे संपली. मी मुद्दाम वर जाऊन त्यांना सांगून आले, "बिनधास्त राहा. तुमच्या मागे काही धोक्याचा उतार नाही." त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि भावाला तिथूनच फोन लावला, येत नाही म्हणून.

दुसऱ्या वर्षी श्रावणात दरड आली. भिंत जिथं संपली तिथून पुढे. घर गेलं, आणि मावशींचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बातमी कळली तशी मी आधी तो नकाशा बाहेर काढला. या वेळी आकडे वाचले. दोन मिनिटं लागली. खरं सांगते, पहिला विचार मावशींचा नव्हता. हे आणखी कुणी पाहिलं तर, असा होता. लाज वाटते लिहायला.

खलाशीकाकांनी तो विषय कधीच काढला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलात गेले तेव्हा मावशींचा भाऊ खाटेशी बसला होता. मी मनाशी ठरवून गेले होते, सगळं सांगायचं. मावशींनी मला बघितलं, हात धरला आणि भावाला म्हणाल्या, "हीच ती माझी पोर. हिनं बिचारीनं सगळं मोजून बघितलं होतं हां. डोंगरच बेइमान निघालो, त्याला ती तरी काय करतली?"

भावानं मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. मी बसले. त्यांनी चहा मागवला, तो प्यायले. आणि काही न बोलता घरी आले.