अंबाबाईंची चिमूट

कुंभकोणममध्ये महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत अंबाबाईंच्या हाताचं फार कौतुक होतं. आणि कौतुक करणाऱ्यांत सगळ्यांत पुढे कोण, तर खुद्द अंबाबाई. सांबार कसं करता म्हणून कुणी विचारायचा अवकाश, की बाई उजवा हात वर करून दाखवायच्या. हे माप. माणशी एक मूठ तुरीची डाळ, लहान लिंबाएवढी चिंच, तुरीच्या दाण्याएवढा हिंगाचा खडा, सांबाराची पावडर मसाल्याच्या डब्यातल्या वाकड्या चमच्याने शीग लावून, आणि मीठ दोन चिमटी. विचारणारी बिचारी घरी जाऊन करून बघायची आणि परत येऊन म्हणायची, तुमच्यासारखं नाही झालं हो. बाईंचा दिवस सोन्याचा व्हायचा.

आता शिजवताना चाखून बघायची सोय त्या घरात नव्हती. तंजावरच्या राजांच्या मागोमाग आलेली ही मराठी घराणी. गाव विसरली, बोलीत निम्मं तमिळ शिरलं, पण नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही हे मात्र विसरली नाहीत. आधी विठोबा, मग माणसं. म्हणजे मीठ पडलं ते पडलं. वाफेचा वास घ्यायचा, उकळीकडे बघायचं आणि हातावर भरवसा ठेवायचा. बाईंचा हातावर इतका भरवसा होता, की तेवढा विठोबावर तरी होता की नाही कोण जाणे.

आणि पुरावा काय, तर नवरा. अप्पाराव शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे मास्तर, बोलायला महागडे. पण जेवताना रोज सांबाराचा पहिला घास घेतला की ताट पुढे करायचे. "अंबा, भात वाढ अजून." पुन्हा एकदा, "अजून थोडा." बाई गल्लीभर सांगायच्या, "आमचे हे तोंडाने स्तुती करायचे नाहीत. पण भात किती मागतात, विचारा!"

आषाढात अप्पारावांना चक्कर आली. बीपी वर चढलेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, जेवणात मीठ किती? अप्पारावांनी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "चिमूटभर!"

"कुणाची चिमूट?" डॉक्टर म्हणाले. वर असंही म्हणाले, की माणसाला दिवसभराचं सगळं मिळून एक लहान चमचा, तोही सपाट, त्याच्या वर नको. आणि हे मीठ आवरलं नाही, तर पुढचा मुक्काम इस्पितळात.

घरी येईपर्यंत बाईंनी डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मात्र शिवरंजनी, त्यांची सून, हिच्या मनात डॉक्टरांचा प्रश्न घोळत राहिला. सासऱ्यांवर तिचा जीव. तिने स्वयंपाकघरात जाऊन खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला प्लास्टिकचा चमचा धुऊन, पुसून कोरडा केला. त्यावर पाच मिलीची रेघ होती. मापाची भांडी कसली आलीत त्या घरात. तांदळाचं पितळी माप होतं, तेही बुडाशी चेपलेलं. हा चमचा तेवढा खरा.

"आत्याबाई, सांबारात घालता तशा दोन चिमटी या वाटीत घाला ना."

"अय्यय्यो, आता माझी परीक्षा घेतेस?" पण बाईंनी बरणीत हात घातला. चिमूट म्हणजे तीन बोटांची, असं त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. हात बाहेर आला तेव्हा त्यात पाची बोटं होती आणि अर्धा तळवाही. एकदा. दोनदा. शिवरंजनीने वाटीतलं मीठ चमच्यात भरलं, बोटाने सपाट केलं, बशीत ओतलं. पुन्हा भरलं. पुन्हा. चौथा चमचा भरून वाटीत खडखडाट उरला. तिघांच्या एका वेळच्या सांबाराला चार चमचे.

"चमचा चुकीचा आहे," बाई म्हणाल्या. "औषधवाले लबाड असतात."

शिवरंजनी हसली नाही. त्या दिवशी डाळ, चिंच, हिंग सगळं बाईंच्या हाताने पडलं, पण मीठ सुनेने घातलं. एक चमचा, सपाट. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नैवेद्य दाखवताना त्या विठोबाला स्पष्ट म्हणाल्या, हे माझं नव्हे, मला बोल लावू नकोस.

पानं वाढली. बाईंनी एक घास खाल्ला आणि हातातला दुसरा खाली ठेवला. अळणी! वैगासीच्या उन्हाळ्यात आटलेल्या कावेरीचं गढूळ पाणी बरं. त्यांनी तोऱ्यात नवऱ्याकडे बघितलं. आता हे ताट सारतील, आता सुनेला कळेल.

अप्पारावांनी भात कालवला. खाल्ला. वाटीतलं सांबार पुन्हा मागितलं, तेही खाल्लं, बोटं चाटली. मग ताक. वाढलेला भात त्यांना पुरला होता.

"बघितलंस?" बाई सुनेवर गरजल्या. "एकदा तरी भात मागितला का ह्यांनी? एकदा तरी?"

अप्पारावांची मान खाली गेली. शिवरंजनी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी उजाडलं. बाई वेड्या नव्हत्या. गरजलेलं वाक्य त्यांच्याच कानात परत आलं, आणि हातातली पळी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तुम्ही भात..." त्या म्हणाल्या. "खारट लागायचं म्हणून कालवायला मागत होता?"

अप्पारावांनी मान डोलावली.

"कधीपासून?"

"असंच. हळूहळू वाढत गेलं," ते म्हणाले. "तुला तसंच बरोबर लागायचं. मला वाटलं, वय झालं, जीभ बोथटली असेल तुझी. एकदा दिवाळीत सांगितलं होतं मी. पोंगलपर्यंत बोलली नव्हतीस."

बाईंना आठवलं. चांगलंच आठवलं, आणि लाज वाटली, तशी जन्मात वाटली नव्हती. हा मनुष्य रोज दोन माणसांचा भात गिळत होता, रोज मीठही गिळत होता, आणि त्या गल्लीभर मिरवत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मग रडतारडता भांडल्या. "मास्तर ना तुम्ही! पोरांना चूक दाखवायला छडी होती, बायकोला दाखवायला तोंड नव्हतं?"

"छडी परवडली असती," अप्पाराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. खोकल्याचा चमचा बरणीत बुडवला, बोटाने सपाट केला, सांबारात घातला. झाकण लावायच्या आत उजवा हात आपणहून बरणीत गेला आणि मूठभर मीठ घेऊन बाहेर आला. इतक्या वर्षांची सवय, हाताचा काय दोष? बाईंनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि मीठ परत बरणीत झटकलं. मग नैवेद्याची वाटी भरली, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. हाताचा भरवसा उरला नव्हता. जिभेचा तर नव्हताच.

त्या वळल्या, दुसऱ्या वाटीत चमचाभर सांबार काढलं आणि ओसरीवर आल्या. अप्पाराव पेपर वाचत होते. बाईंनी ती वाटी त्यांच्यापुढे धरली.

"चाखा."

"अगं, नैवेद्य?"

"विठोबा थांबेल. त्याला कुठे बीपी आहे? चाखा म्हणते ना."

अप्पारावांनी देवघराकडे चोरून बघितलं आणि चाखलं.

"किंचित कमी आहे," ते म्हणाले.

"कमीच राहील," बाई म्हणाल्या, आणि नैवेद्याची वाटी घेऊन देवघरात गेल्या.