निकाल न देण्याची परीक्षा

बत्तीस वर्षं निकाल देऊन निवृत्त झालेल्या न्यायाधीश साहेबांनी मध्यस्थीच्या परीक्षेत सपशेल आपटी खाल्ली. चाळीस तासांचं प्रशिक्षण झालं होतं, दोन वह्या भरल्या होत्या. शेवटी लुटुपुटीच्या वादावर चाचणी. दोन वकील शेजाऱ्यांचं सोंग घेऊन भिंतीवरून भांडत होते. साहेबांनी बाराव्या मिनिटाला भिंत कोणाची ते सांगून टाकलं. बरोबर सांगितलं, म्हणून तर नापासाचं जास्त लागलं.

"कायदा उत्तम सर, पण मध्यस्थ ठरवत नाही. त्यांना ठरवायला मदत करतो," परीक्षक बाई म्हणाल्या. एकेकाळी ह्याच बाई त्यांच्यापुढे उभं राहून पुढची तारीख मागायच्या. "अजून एक संधी आहे."

ती हुकली की प्रमाणपत्र नाही, आणि त्याशिवाय मध्यस्थांच्या यादीत नाव नाही. घरी बसून साहेबांचा जीव विटला होता. स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्याला त्यांनी नावाची चिठ्ठी लावली होती, आणि बायकोनं ती निमूटपणे काढली होती. माणसाला कामाची भूक असते, त्यात लाजायचं काय?

दुसऱ्या चाचणीत दोन बहिणी होत्या, आईच्या शिलाईच्या दुकानावरून हमरीतुमरीवर आलेल्या. एकत्र बसून कोणी ऐकेना, तेव्हा साहेबांनी रीतीप्रमाणे एकेकीला वेगळं भेटून ऐकलं.

थोरली म्हणाली, "दुकान तिलाच राहू दे हो. पण पाटीवरचं आईचं नाव तिनं पुसू नये."

धाकटी म्हणाली, "नाव मी कशाला पुसू? ताईनं एकदा येऊन विचारायचं तरी!"

"हे तुमच्या बहिणीला सांगू का?" साहेबांनी दोघींनाही विचारलं. दोघींनीही ठाम नकार दिला.

एका वाक्यात मिटणारं भांडण, आणि ते वाक्य साहेबांच्या जिभेवर आलेलं! पण खासगी बैठकीतलं बोलणं परवानगीशिवाय पलीकडे न्यायचं नाही, हा नियम. ते ग्लासभर पाणी प्यायले आणि पुन्हा थोरलीकडे गेले.

"मी काही सांगणार नाही. पण मला सांगितलंत ते तुम्हीच तिच्याशी बोललात तर?"

ती गप्प. साहेबही गप्प. असं गप्प बसणं त्यांना कोर्टात कधी जमलं नव्हतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बरं. बोलवा तिला."

परीक्षक बाईंनी शेरा लिहून हात पुढे केला. साहेब बाहेर आले तर बायको बाकावरून उठून उभी.

"काय झालं? काय म्हणत होत्या त्या दोघी?"

"ते सांगता येणार नाही."

"अहो, सोंगच होतं ना?"

"असलं तरी."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "लग्न झाल्यापासून कोर्टातलं सगळं मला जेवताना ऐकवलंत. आज पहिल्यांदा तोंड मिटलंय." मग तिचा चेहरा खुलला. "पास झालात, होय ना?"

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी नुसती मान डोलावली.